रॅकवर साठ, स्क्रीनवर सव्वाशे, आणि देता येतात फक्त वीस : स्टॉकचे तीन आकडे

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे हिशोब थोडा सावकाश मांडलाय. बाकी बोलणं जसंच्या तसं.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. भोसरीच्या एका बेअरिंगच्या दुकानात तो नुकताच काउंटरला लागलाय, जेमतेम तीन आठवडे झालेत. सोमवारी सकाळी चाकणच्या एका वर्कशॉपमधून फोन आला : ‘६२०५ झेडझेड, चाळीस नग आहेत का?’ यानं कॉम्प्युटरवर बघितलं, आकडा दिसला १२५. म्हणाला, ‘आहेत, या.’ मेंटेनन्सचा माणूस बाइक काढून नाशिक हायवेनं, मोशीची गर्दी पार करत आला. आणि इथे दुकानात शेठ म्हणाले, वीसच देता येतील.

तो माणूस चिडला, शेठ चिडले, आणि या मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे : ‘दादा, मी खोटं बोललो नाही. स्क्रीनवर १२५ लिहिलेलं होतं. रॅकवर मी स्वतः मोजले तर ६० होते. मग वीस कुठून आले?’

तर आज हेच सोडवू. १२५, ६० आणि २०, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एवढंच.

ज्यांना बेअरिंग माहीत नाही त्यांच्यासाठी एक मिनिट. ६२०५ हा बेअरिंगचा नंबर. शेवटचे दोन आकडे, म्हणजे ०५, पाचानं गुणायचे की आतलं भोक मिळतं : २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. मोटर, पंप, कन्व्हेयर, कुठेही सापडेल असा हा नग. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पहिला आकडा. रॅकवर ६०. याला म्हणायचं हातातला स्टॉक, इंग्रजीतला ‘स्टॉक ऑन हँड’. दुकानाच्या चार भिंतींच्या आत, किंवा आपल्या गोडाऊनमध्ये, हात लावून मोजता येईल असा सगळा माल. तो कुणासाठी ठेवलाय, चांगला आहे की खराब, हे या आकड्याला माहीत नसतं. मोजला, ६० भरला, संपलं. टॅलीमध्ये हाच आकडा Closing Stock म्हणून दिसतो. आपल्या श्रोत्याच्या दुकानात त्या दिवशी टॅलीतही ६० च होते, म्हणजे रॅक आणि कॉम्प्युटर जुळत होते. हे दरवेळी होत नाही बरं का. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत सकाळी माल हातात देतात आणि बिल संध्याकाळी करतात. ओळखीची पार्टी असते, चिठ्ठीवर लिहून देतात. मग दुपारी स्क्रीनवर जे दिसतं त्यातला काही माल कधीच चाकणला पोचलेला असतो. म्हणून दुपारी फोन आला तर आधी गल्ल्याजवळची चिठ्ठ्यांची तार बघायची, मग स्क्रीन.

दुसरा आकडा, वीस. हा देता येणारा स्टॉक. ‘अव्हेलेबल स्टॉक’ म्हणतात तो खरा हाच. आत्ता, या क्षणी, नव्या माणसाला बिल करून हातात देता येईल एवढाच माल. तो काढायचा कसा? रॅकवरचे ६०. त्यातले ३५ तळवड्याच्या एका पार्टीचे. त्यांची पीओ आलेली आहे, बुधवारी त्यांचा टेम्पो येणार आहे. माल आपल्या रॅकवर आहे, पण शब्द त्यांना दिलाय. राहिले २५. त्यातले पाच नग परत आलेले : कुणीतरी नेले, खोकं फोडलं, साइज चुकली म्हणून आणून दिले. बेअरिंगचं खोकं एकदा फुटलं आणि आतलं कागद-प्लास्टिक निघालं की धूळ बसते, आणि कारखान्याचा माणूस तो नग नवा म्हणून घेत नाही. ते पाच विकायला नाहीत. राहिले २०.

हा हिशोब शेठनं डोक्यात केला. मुलानं केला नाही, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ३५ बुक आहेत. दोष कुणाचा हे मी ठरवत नाही. पण बुक केलेल्या मालावर साधी चिठ्ठी नसेल तर नव्या माणसानं ते ओळखायचं कसं? खोक्यांना एक रबर बँड, त्यावर कागद, कागदावर पार्टी, नग, तारीख. कॉम्प्युटर असला तरी हे करावं असं माझं मत आहे, कारण काउंटरवरचा माणूस रॅकसमोर उभा असतो, स्क्रीनसमोर नाही. चिठ्ठीवर तारीख हवीच. ‘बाजूला ठेवा हो, संध्याकाळी येतो’ म्हणणारे पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत, आणि तेवढे दिवस तो माल रॅकवर असूनही नसल्यासारखा पडून राहतो.

तिसरा आकडा म्हणजे ऑर्डर दिलेला, अजून न आलेला माल. ‘ऑन ऑर्डर’. दुकानानं डिस्ट्रिब्युटरला १०० नगांची ऑर्डर टाकलेली होती. बुधवारी येईल असं सांगितलं होतं. हा माल आपला आहे का? कागदावर हो. रॅकवर नाही. आणि ‘येणार’ या एका शब्दाच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी असतात. ऑर्डर टाकली पण समोरून होकारच आला नाही, ही एक. होकार आला, माल अजून त्यांच्याच गोडाऊनमध्ये आहे, ही दुसरी. माल ट्रान्सपोर्टला पडला आणि बिल्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, ही तिसरी. टेम्पो दारात उभा आहे पण माल मोजून इनवर्ड झाला नाही, ही चौथी. चौघांनाही ऑन ऑर्डरच म्हणतात. भरवसा मात्र वेगवेगळा. बिल्टी हातात नसताना ग्राहकाला तारीख देऊ नये, ‘अपेक्षित’ म्हणावं.

यात आपल्याकडची एक स्थानिक गंमत. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणजे बुधवारी यायचा माल बुधवारी संध्याकाळपर्यंत आला नाही तर उद्या नाही, थेट शुक्रवार. ‘एक दिवस उशीर’ इथे दोन दिवसांचा होतो. दुसरा एक गैरसमज नव्या मुलांचा असतो : चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, मग त्यांचं बेअरिंग संपलं तर तासाभरात मिळेल की! तसं नसतं. दुकानाला माल कारखान्याच्या गेटवरून मिळत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमधून मिळतो. तुमचा ऑन ऑर्डर हा त्यांच्या देता येणाऱ्या स्टॉकवर उभा असतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरला फोन केला की ‘आहे का?’ विचारू नका. विचारा, ‘रॅकवर मोकळे किती आहेत आणि आज किती निघतील?’ तो ‘आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्याही स्क्रीनवर कदाचित १२५ च दिसत असतात.

मग १२५ आले कुठून?

आता या भागातला खरा मुद्दा. आपल्या श्रोत्यानं टॅलीत Reorder Status हा रिपोर्ट उघडला होता. Alt+G दाबून नाव टाइप केलं की उघडतो. शेठ तो रोज बघतात, म्हणून यानंही तोच बघितला. त्यात एका ओळीत बरेच आकडे असतात, आणि एका रकान्याचं नाव आहे Nett Available. नावातच ‘अव्हेलेबल’ म्हटल्यावर कोण शंका घेणार? पण हा रकाना असा तयार होतो :

```
Nett Available = Closing Stock + Purc Orders Pending - Sales Orders Due
```

हातातले ६०, अधिक यायचे १००, वजा बुक केलेले ३५. झाले १२५. बघा, यात न आलेला माल मिळवलाय. आणि ते पाच फुटलेल्या खोक्यांचे नग यात दिसतच नाहीत, कारण त्यांची कुठे नोंदच नव्हती. ते ६० मध्ये चांगले म्हणून मोजले गेले.

मग टॅली चुकतं का? नाही. हा रिपोर्ट वेगळ्या प्रश्नासाठी बनवलाय. प्रश्न आहे मालकाचा : ‘मी आणखी माल मागवू का?’ त्या प्रश्नासाठी यायचा माल मिळवलाच पाहिजे, नाहीतर मालक १०० ची ऑर्डर दिल्यावर परत उद्या १०० ची देईल. समजा ६२०५ ची किमान पातळी ५० ठेवलीय. Nett Available १२५ आहे, म्हणजे पन्नासच्या वर आहे, म्हणजे नवी ऑर्डर नको. बरोबर उत्तर. पण काउंटरवरचा प्रश्न आहे, ‘आत्ता देऊ शकतो का?’ त्याला हे उत्तर चालत नाही. खरेदीचा आकडा विक्रीच्या फोनवर वाचला, तिथे सगळा घोळ झाला.

त्याच रिपोर्टमधून काउंटरचा आकडा काढायचा असेल तर यायच्या मालाच्या रकान्यावर सरळ अंगठा ठेवा. Closing Stock मधून Sales Orders Due वजा करा : ६० वजा ३५, पंचवीस. मग उठून रॅकपाशी जा आणि स्क्रीनला माहीत नसलेलं वजा करा : फुटकी खोकी, तोंडी ठेवलेला माल, चिठ्ठीवर गेलेला माल. पंचवीस वजा पाच, वीस. फोनवर पार्टीला दोन मिनिटं थांबायला सांगितलं तर ती थांबते. चाकणहून येऊन परत जायला मात्र कुणीच तयार नसतं.

जाता जाता : उद्या तुम्ही चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या स्टोअरला लागलात आणि तिथे सॅप असेल, तर MMBE उघडल्यावर Unrestricted use असा आकडा दिसेल. नाव वाचून वाटतं, हा मोकळा माल. पण कुणासाठी राखून ठेवलेला माल त्यातून वजा झालेला नसतो, तो वेगळा दिसतो. म्हणजे टॅलीतल्या त्या रकान्यात यायचा माल मिळवलेला, इथे राखीव माल वजा न केलेला. शब्द जवळपास सारखे, अर्थ दोन. कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरसमोर बसलात की पहिल्या दिवशी हेच विचारा : या आकड्यात यायचा माल धरलाय का, आणि बुक केलेला वजा केलाय का?

बरोबर उत्तर काय द्यायचं होतं

समजा फोन परत आला. ‘६२०५ झेडझेड, चाळीस आहेत का?’ उत्तर असं : ‘वीस आत्ता देतो. आणखी शंभर सांगितलेत, बुधवारी अपेक्षित आहेत, बिल्टी आली की कळवतो. वीसवर काम भागेल का?’

शेवटचा प्रश्न फार कामाचा. चाळीस मागणाऱ्याची मशीन बंद पडलेली असते तेव्हा त्याला त्या क्षणी दोन किंवा चार नगच हवे असतात, बाकीचे तो स्टोअरमध्ये ठेवायला घेतो. वीस मिळाले तर त्याची लाइन आज संध्याकाळी सुरू होते. उलट त्याला खरंच चाळीस एकदम हवे असतील, तर तो लगेच दुसऱ्या दुकानाला फोन लावेल. दोन्हीत त्याची फेरी फुकट जात नाही.

कधी पार्टी म्हणते, ‘झेडझेड नसेल तर टूआरएस द्या.’ त्यांनी म्हटलं तर द्या, पण तुम्ही आपणहून झेडझेडच्या हिशोबात टूआरएस मिळवू नका. आतला-बाहेरचा माप एकच असला तरी तो वेगळा माल आहे. रबराचं सील धूळ आणि पाणी चांगलं अडवतं, पण ते घासतं, म्हणून फार वेगानं फिरणाऱ्या जागी पत्र्याचं झाकण बरं पडतं. कुठे काय चालेल ते मशीनवाला ठरवेल. ब्रँडचंही तसंच. रॅकवर ६० असले आणि त्यातले ३० एका कंपनीचे, ३० दुसऱ्या कंपनीचे असले, आणि पार्टीच्या पीओवर ब्रँड लिहिलेला असला, तर तुमचा हिशोब ६० पासून नाही, ३० पासून सुरू होतो.

आता आणखी एक प्रश्न, जो व्हॉइस नोटमध्ये शेवटी होता : ‘तळवड्याचे ३५ बुधवारी जाणार होते, आणि १०० बुधवारीच येणार होते. मग सोमवारी त्यातले वीस चाकणवाल्याला दिले असते तर बिघडलं काय असतं?’

प्रश्न हुशार आहे. मोठ्या कंपन्यांत याच प्रश्नावर आख्खी पद्धत आहे : कुठला माल कधी येतो आणि कुठली ऑर्डर कधी जाते, ते तारखेवार मांडून कुणाला किती शब्द द्यायचा हे ठरवतात. दुकानातही शेठ हे करू शकतात. पण दोन गोष्टी लागतात. एक, बिल्टी हातात हवी. सोमवारी ती नव्हती. दुसरी, तळवड्याला आधी फोन करून ‘तुमच्यातले वीस एका अडलेल्या माणसाला देतो, तुमचे बुधवारी पुरे करतो, चालेल ना?’ असं विचारायला हवं. ते हो म्हणाले तर बिनधास्त द्या. काउंटरवरच्या मुलानं हे स्वतःच्या मनानं करू नये, कारण बुधवारी टेम्पो रिकामा परत गेला तर तळवड्याची पार्टी मुलाला नाही, शेठला फोन करते.

पुढे तीन दिवसांत काय झालं

आता आकडे पुढे नेऊन बघू, म्हणजे तिन्ही स्टॉक कसे हलतात ते दिसेल.

सोमवारी दुपारी. चाकणवाल्यानं वीस नेले आणि उरलेल्या वीसची ऑर्डर दिली. आता रॅकवर ४०. त्यातले ३५ तळवड्याचे, पाच खराब. देता येणारे? शून्य. रॅकवर चाळीस खोकी दिसतायत आणि नव्या माणसाला एकही देता येत नाही, हे चित्र डोळ्यासमोर आणा. यायचे १०० तसेच. बुक केलेले आता ३५ अधिक २०, पंचावन्न. रिपोर्टमधला Nett Available : ४० अधिक १०० वजा ५५, म्हणजे ८५.

बुधवारी दुपारी. टेम्पो आला, पण डिस्ट्रिब्युटरनं १०० पैकी ६० च पाठवले. हे नेहमीचं आहे. रॅकवर झाले १००. यायचे राहिले ४०. बुक तेच ५५. देता येणारे : १०० वजा ५५ वजा ५, चाळीस. आणि Nett Available? १०० अधिक ४० वजा ५५. परत ८५.

बुधवारी संध्याकाळी. तळवड्याचा टेम्पो ३५ घेऊन गेला, चाकणचे वीस गेले. रॅकवर ४५, त्यात पाच खराब, देता येणारे ४०. बुक काही नाही, यायचे ४०. Nett Available : ४५ अधिक ४०, पुन्हा ८५.

तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा ८५. त्याच काळात देता येणारा माल शून्यावरून चाळीसवर गेला. म्हणूनच म्हणतो, त्या रकान्याकडे बघून फोन उचलू नका. माल ‘यायचा’ मधून ‘आला’ मध्ये सरकला तरी त्याला काही फरक पडत नाही, त्याच्यासाठी दोन्ही सारखेच. आणि फोनवरच्या माणसाला नेमका तोच फरक विचारायचा असतो.

आकडा बिघडलाय हे कसं ओळखायचं

आता थोडं एंट्रीबद्दल, कारण दोन-तीन महिन्यांनी हे काम तुमच्याकडेच येतं.

बुधवारी ६० आले तेव्हा खरेदीची एंट्री झाली. टॅलीत मालाचं नाव टाकल्यावर तो विचारतो की हा माल कुठल्या ऑर्डरचा, आणि तिथे जुन्या ऑर्डरचा नंबर निवडायचा असतो. घाईत लोक तो सोडून पुढे जातात. मग काय होतं? रॅकवर १०० बरोबर दिसतात, पण यायचे ४० व्हायच्या ऐवजी १०० च राहतात, कारण टॅलीला वाटतं की हे ६० कुठून तरी वेगळेच आले. तेच ६० दोनदा मोजले गेले, एकदा आलेले म्हणून आणि एकदा यायचे म्हणून. Nett Available ८५ ऐवजी १४५ दिसतो. त्या दिवशी कुणाचंच काही अडत नाही. पण शेठ रिपोर्ट बघून म्हणतात, भरपूर आहे, मागवायला नको. पंधरा दिवसांनी रॅक रिकामं आणि स्क्रीनवर अजून माल ‘येतोय’.

ओळखायची खूण सोपी आहे. फरक नेमका एखाद्या बिलातल्या नगांएवढा असतो. १४५ वजा ८५, साठ. आणि साठचं बिल फाइलमध्ये सापडतंच. दुसरी खूण म्हणजे तारीख. बाकी असलेल्या खरेदी ऑर्डरींची यादी काढा आणि ज्यांची यायची तारीख उलटून गेलीय त्यांच्यावर नजर टाका. त्यात एकतर असा दोनदा मोजलेला माल असतो, नाहीतर डिस्ट्रिब्युटरनं कधीच ‘नाही मिळणार’ सांगितलेली ऑर्डर असते, जी कुणी बंद केली नाही. ती मधेच बंद करण्याची सोय असते, पण आधी डिस्ट्रिब्युटरला फोन करून खात्री करा.

विक्रीच्या बाजूला याचं उलटं होतं. तळवड्याचं बिल करताना त्यांच्या ऑर्डरचा नंबर जोडला नाही, तर ३५ नग रॅकवरून गेलेले असतात आणि तरी बुक म्हणून अजून वजा होत राहतात. बुधवारी संध्याकाळी देता येणारे चाळीस आहेत, पण स्क्रीनवरून काढले तर ४५ वजा ३५ वजा ५, म्हणजे पाचच दिसतील. मग आलेल्या ग्राहकाला तुम्ही ‘नाही’ म्हणता आणि माल मागे रॅकवर असतो. हा घोळ जास्त वाईट, असं मला वाटतं, कारण याची तक्रार करायला कुणी येत नाही. चाकणहून आलेला माणूस निदान चिडून दाखवतो. ‘नाही’ ऐकलेला माणूस फोन ठेवतो आणि दुसऱ्या दुकानात जातो, तुम्हाला कळतही नाही.

राहिले ते पाच फुटक्या खोक्यांचे नग. त्यांना रॅकवरून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, आणि टॅलीत ‘खराब माल’ नावाचं एक वेगळं गोडाऊन उघडून तिथे हलवा. गोडाऊन म्हणजे खरं गोडाऊन लागत नाही, टेबलाखालची पेटीसुद्धा चालते. मग चांगल्या मालाच्या गोडाऊनचा आकडा बघितला की ४० च दिसतील, आणि ते पाच कुणाच्या डोक्यात लक्षात ठेवावे लागणार नाहीत. रिपोर्टच्या एकूण बेरजेत मात्र ते अजून ४५ मध्येच राहतात, तेव्हा बघताना गोडाऊननुसार बघा. त्या पाचांचं पुढे काय करायचं, डिस्ट्रिब्युटर परत घेतो का की स्वस्तात काढायचे, ते शेठला विचारा. महिनाअखेरच्या मोजणीच्या आत विचारा म्हणजे झालं.